चालू खातं निवडायचं तर आधी आपलाच महिना मोजा

चालू खातं उघडायला गेलेला दुकानदार बँकेत बहुधा एकच प्रश्न विचारतो, "मिनिमम बॅलन्स किती ठेवायचा?" समोरून दहा हजार असं उत्तर आलं की त्याला हायसं वाटतं, पन्नास हजार म्हटलं की तो उठून शेजारच्या बँकेत जातो. लहान धंद्यात पैसा मालात आणि उधारीत अडकलेला असतो, त्यामुळे ही धास्ती खोटी नाही. पण या एका आकड्यावर खातं निवडणं पुष्कळदा महागात पडतं. किमान शिल्लक म्हणून ठेवलेले पैसे तुमचेच राहतात. बँक खरे पैसे कापते ते दुसऱ्याच रकान्यांतून. रोख भरल्याबद्दल, खात्यात नोंदी जास्त झाल्याबद्दल, परगावच्या शाखेत पैसे भरल्याबद्दल, चेक परत गेल्याबद्दल. हे रकाने दरपत्रकात मागच्या पानांवर असतात, आणि खातं उघडण्याच्या घाईत तिथपर्यंत सहसा कोणी जात नाही.

आधी बँकेचं गणित समजून घेऊ. चालू खात्यावर व्याज द्यायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. म्हणजे तुम्ही खात्यात जी सरासरी रक्कम ठेवता ती बँकेला जवळजवळ फुकट वापरायला मिळते, आणि त्या बदल्यात ती तुमची रोकड मोजते, चेक वठवते, शेकडो व्यवहार सांभाळते. शिल्लक मोठी असेल तर बँकेची कमाई तिथेच होते आणि बाकीच्या सोयी ती सढळ हाताने देते. शिल्लक लहान असेल तर तीच कमाई तिला चार्जेसमधून काढावी लागते. म्हणून कमी बॅलन्सचं खातं आणि स्वस्त खातं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोणाला कोणतं स्वस्त पडेल हे त्याच्या गल्ल्यावर ठरतं.

काही जण या सगळ्यातून सुटायला धंदा बचत खात्यावरच चालवतात. ते करू नये. व्यापारी किंवा व्यावसायिक संस्थेच्या नावाने बचत खातं उघडायला रिझर्व्ह बँकेची परवानगी नाही, आणि वैयक्तिक बचत खात्यात धंद्याची उलाढाल दिसली तर बँक विचारणा करते, चालू खातं उघडायला सांगते. शिवाय आयकर खात्याला जाणाऱ्या माहितीची मर्यादा दोन्हीकडे वेगळी आहे. बचत खात्यांत आर्थिक वर्षात १० लाख किंवा त्याहून जास्त रोख भरली की बँक ते कळवते. चालू खात्यांसाठी हाच आकडा ५० लाखांचा आहे. रोजचा गल्ला भरणाऱ्या दुकानाला १० लाखांची रेघ ओलांडायला फार महिने लागत नाहीत.

तेव्हा बँकेत जाण्याआधी घरी बसून आपला एक महिना कागदावर मांडायचा. सणासुदीचा नको, साधा महिना घ्यायचा. किती रोख बँकेत भरली आणि किती खेपांत भरली? यूपीआयने किती रक्कम आली आणि किती गिऱ्हाइकांकडून आली? रक्कम आणि संख्या दोन्ही लिहायच्या, कारण काही बँका रकमेवर पैसे घेतात तर काही नोंदींवर. बाहेर किती चेक आणि किती ऑनलाइन पेमेंट गेली? खात्यातली शिल्लक साधारण कुठे असते आणि पुरवठादारांचे पैसे गेले की कुठवर खाली येते? मग वर्षातल्या सर्वांत मोठ्या महिन्याची रोख शेजारी लिहायची. एवढा कागद हातात असला की कुठल्याही बँकेचं दरपत्रक वाचता येतं.

एक उदाहरण घेऊ. समजा, तालुक्याच्या गावात फरसाणाचं दुकान आहे आणि महिन्याची विक्री पाच लाखांची आहे. त्यातले २,६०,००० रुपये यूपीआयने येतात. सरासरी १३० रुपयांचं बिल धरलं तर हे सुमारे दोन हजार व्यवहार झाले. उरलेली २,४०,००० रोख. त्यातले ६०,००० कामगारांचे पगार, भाजी-मिरची, टेम्पोभाडं यांत परस्पर जातात, आणि १,८०,००० रुपये बँकेत भरले जातात. आठवड्यातून दोनदा, म्हणजे महिन्यात आठ खेपा, दर खेपेला २२,५०० रुपये. खात्यात सरासरी ४०,००० रुपये असतात, पण तेल आणि बेसनवाल्याचे पैसे दिले की चार-पाच दिवस खातं तळाला जातं. दिवाळीच्या महिन्यात बँकेत भरायची रोख चार लाखांवर जाते.

या दुकानासमोर दोन खाती आहेत. आकडे उदाहरणापुरते असले तरी दरपत्रकांची ठेवण साधारण अशीच असते. पहिल्या खात्यात महिन्याची सरासरी शिल्लक १०,००० ठेवायची, महिन्याला एक लाखापर्यंत रोख फुकट भरायची, त्यापुढे हजाराला ४ रुपये आणि एका खेपेला कमीत कमी ५० रुपये. दुसऱ्या खात्यात तिमाहीची सरासरी शिल्लक ५०,००० हवी, पण महिन्याला सहा लाखांपर्यंत रोख फुकट.

पहिल्या खात्यात काय होतं ते पाहा. चार खेपांत ९०,००० भरून होतात, तोवर काही लागत नाही. पाचव्या खेपेला मर्यादा १२,५०० रुपयांनी ओलांडली जाते, त्याचे ५० रुपये. पुढच्या तीन खेपांचे प्रत्येकी ९० रुपये. एकूण ३२०, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे महिन्याला सुमारे ३७८ रुपये. पासबुकात हे ५०, ९० असे सुटे सुटे दिसतात, त्यामुळे डोळ्यांत भरत नाहीत. दिवाळीच्या महिन्यात मर्यादेबाहेरची रोख तीन लाख होते, त्याचे १,२०० आणि जीएसटी धरून १,४१६ रुपये. अकरा साधे महिने आणि एक दिवाळीचा मिळून वर्षाचे सुमारे ५,५७० रुपये फक्त रोख भरण्यापायी गेले.

दुसऱ्या खात्यात रोख भरायला काहीच लागत नाही, पण ५०,००० अडकतात. इथे एक गोष्ट नेमकी धरायला हवी. पूर्ण ५०,००० हा या खात्याचा खर्च धरायचा नाही. दुकानाचे ४०,००० एरवीही खात्यात असतातच. जास्तीचे फक्त १०,००० ठेवावे लागणार. ते पैसे धंद्यात फिरले असते किंवा तेवढं कर्ज कमी झालं असतं असं मानून वर्षाला १२ टक्के धरले, तर खर्च झाला १,२०० रुपये. म्हणजे ज्या खात्याचा आकडा ऐकून दुकानदार उठून गेला असता, ते याच दुकानाला वर्षाला चार हजारांहून जास्त स्वस्त आहे. हेच गणित शिवणकाम करणाऱ्या किंवा शिकवण्या घेणाऱ्या बाईंसाठी उलटं होईल. त्यांच्याकडे रोख जवळजवळ नाही, सगळी फी ऑनलाइन येते, आणि खात्यात आठ-दहा हजारांहून जास्त ठरत नाहीत. त्यांना दहा हजारांचंच खातं बरं.

मात्र ५०,००० ची सरासरी राखता आली नाही तर चित्र बदलतं. समजा, कमी पडल्याचा दंड तिमाहीला १,५०० रुपये आहे, जीएसटीसह १,७७०. चारही तिमाह्या चुकल्या तर ७,०८० रुपये गेले, म्हणजे पहिल्या खात्याच्या वर जाऊन बसले. बचत खात्यात ग्राहकाला एक संरक्षण आहे. नुसत्या किमान शिल्लकेच्या दंडापायी खातं उणे होऊ द्यायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेलं आहे. ते बचत खात्यापुरतं आहे, चालू खात्याला त्यावर विसंबता येत नाही. बंद पडलेल्या धंद्याचं विसरलेलं चालू खातं काही वर्षांनी उणे शिल्लक दाखवतं ते यामुळेच.

सरासरी कशी काढतात हे पुष्कळांना माहीत नसतं, आणि त्यापायी काही जण उगाच घाबरतात तर काही उगाच दंड भरतात. रोज दिवसअखेरीला खात्यात जी शिल्लक असते ती महिनाभर मिळवायची आणि दिवसांनी भागायची. दहा दिवस ६०,००० होते, दहा दिवस ८,००० आणि दहा दिवस फक्त ४,०००, तर सरासरी २४,००० आली. दहा हजारांची अट असलेल्या खात्यात वीस दिवस दहाच्या खाली राहूनही दंड लागला नाही. दुपारी मोठी रक्कम आली आणि संध्याकाळी गेली, तर ती हिशेबात धरलीच जात नाही. भरलेला चेक वठल्यावरच रक्कम मोजली जाते. शनिवारी रात्रीचे यूपीआयचे पैसे सोमवारी खात्यात येणार असतील, तर तेही सोमवारपासूनच.

तिमाही सरासरीत एक सोय असते ती हंगामी धंद्यांना फार कामाची. मागे पडलेली शिल्लक पुढे भरून काढता येते. पन्नास हजारांच्या अटीत नव्वद दिवसांच्या दिवसअखेरच्या शिलकांची बेरीज ४५ लाख व्हायला हवी. पहिल्या साठ दिवसांत सरासरी ३५,००० च राहिली, तर २१ लाख झाले. उरलेले २४ लाख तीस दिवसांत हवेत, म्हणजे शेवटचा महिना सरासरी ८०,००० ठेवले की दंड टळला. गणपतीच्या मूर्तींचा, आंब्याचा, शाळेच्या गणवेशांचा धंदा असेल तर मासिक सरासरीपेक्षा तिमाही सरासरीचं खातं घ्यावं असं माझं मत आहे. मासिक अटीत पडत्या महिन्याचा दंड त्याच महिन्यात लागतो आणि भरभराटीचा महिना त्याला वाचवू शकत नाही. तिमाही नेमकी कुठून कुठवर धरतात एवढं बँकेत विचारून घ्यायचं आणि शेवटच्या महिन्याच्या आरंभी एकदा बेरीज करून बघायची.

रोख भरण्याच्या अटींत आणखी बारकावे आहेत. काही बँका ठरावीक मर्यादा देतात, तर काही तुमच्या सरासरी शिल्लकेच्या दहा पट, बारा पट अशी. दुसऱ्या प्रकारात शिल्लक कमी झाली की फुकट रोख भरण्याची मर्यादाही खाली येते आणि दोन्हीकडून कापलं जातं. आपली शाखा आणि परगावची शाखा यांच्या मर्यादा निराळ्या असू शकतात. कोल्हापूरचा माल विकून पैसे सांगलीच्या शाखेत भरणाऱ्याने हा रकाना पाहिलाच पाहिजे. रोख भरायच्या मशीनमध्ये टाकलेली रक्कम त्याच मर्यादेत धरतात का, सुट्टीच्या दिवशी किंवा रात्री मशीन वापरलं तर वेगळे पैसे लागतात का, हेही विचारायचं. आणि दहा-वीसच्या नोटा. चहावाला, वडापाववाला, भाजीवाला यांच्याकडे त्याच जास्त असतात. काही बँका कमी किमतीच्या नोटांची बंडलं आणि नाणी मोजण्याचे वेगळे पैसे लावतात. अशा धंद्याला हजाराच्या दरापेक्षा तो दर आधी पाहावा लागेल.

आता डिजिटल पेमेंटकडे. यूपीआयला गिऱ्हाइकाकडून पैसे घेताना दुकानदाराला काही द्यावं लागत नाही, आणि ते खरं आहे. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर व्यापाऱ्याकडून एमडीआर, म्हणजे व्यवहाराच्या टक्केवारीने घेतला जाणारा चार्ज, शून्य आहे. पण व्यवहार फुकट असला तरी तो खात्यात ज्या रीतीने उतरतो ती रीत फुकट असेलच असं नाही.

जुन्या खतावणीत एका पानावर साधारण चाळीस नोंदी बसत. त्या पानाचे पैसे आकारायची पद्धत संगणक आल्यावरही कित्येक बँकांत टिकून आहे. दरपत्रकात लेजर फोलिओ चार्जेस या नावाने ती सापडते. काही पानं मोफत, पुढे दर पानाला ठरावीक रक्कम. आठवड्याला पाच-सहा चेक होते त्या काळात कोणाचं लक्षही जात नव्हतं. आता आपल्या फरसाणाच्या दुकानाचे दोन हजार यूपीआय व्यवहार एकेक करून खात्यात उतरले, तर महिन्याला पन्नास पानं झाली. पानाला १०० रुपये दर असेल आणि सूट काहीच नसेल, तर पाच हजार रुपये झाले, वर जीएसटी. हेच व्यवहार दिवसाची एक बेरीज होऊन आले, तर महिन्यात सव्वीस-सत्तावीस नोंदी होतात आणि एक पानही भरत नाही. पुष्कळ बँका डिजिटल नोंदी या मोजणीत धरत नाहीत, काही शिल्लकेच्या प्रमाणात सूट देतात. म्हणून दोन प्रश्न स्पष्ट विचारायचे: फोलिओ चार्ज आहे का, आणि असेल तर यूपीआयने आलेल्या रकमा त्यात मोजता का? उत्तर दरपत्रकात बोट ठेवून दाखवायला सांगायचं.

नोंदी एकेक येतात की एकत्र, हे क्यूआर कोणाचा आहे यावर ठरतं. बँकेचा स्वतःचा व्यापारी क्यूआर घेतला तर बहुधा पैसे थेट खात्यात येतात, कधी लगेच, कधी दिवसाची बेरीज होऊन. पेमेंट कंपनीचा क्यूआर घेतला तर पैसे आधी त्या कंपनीच्या व्यवस्थेत जमा होतात आणि ठरलेल्या वेळी तुमच्या खात्यात टाकले जातात. दिवसातून एकदा, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी. लगेच हवे असतील तर काही ठिकाणी जास्तीचे पैसे लागतात. पहाटे बाजार समितीत रोखीने माल उचलणाऱ्याला आदल्या संध्याकाळचे पैसे दुसऱ्या दिवशी अकराला येऊन उपयोग नाही. पगार महिन्याला आणि पुरवठादार पंधरवड्याला अशा दुकानाला मात्र दिवसाची एक बेरीजच सोयीची. हिशेबनीसालाही टॅलीत एक ओळ घालावी लागते. मात्र त्या बेरजेचा तपशील, कोणत्या वेळी कोणाकडून किती, एक्सेलमध्ये उतरवून घेता आला पाहिजे. नुसती पीडीएफ मिळत असेल तर दर महिन्याला कोणाला तरी ती हाताने टाइप करावी लागते.

गल्ल्यावर स्वतःच्या मोबाइल नंबरचा क्यूआर चिकटवून काम भागवणारेही पुष्कळ आहेत. तो माणसामाणसांतल्या देवाणघेवाणीसाठी आहे. त्याला रोजच्या मर्यादा आहेत, पैसे मालकाच्या वैयक्तिक खात्यात जातात, आणि क्रेडिट कार्डावरून यूपीआय करणाऱ्या गिऱ्हाइकाचे पैसे त्यावर येत नाहीत. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून दुकानात वापरता येतं, ते फक्त व्यापारी क्यूआरवर. तिथे मात्र एमडीआर लागू होतो. लहान व्यापाऱ्याला २,००० रुपयांपर्यंतच्या अशा व्यवहारावर तो माफ आहे. दोनशे-तीनशेची बिलं करणाऱ्या फरसाणवाल्याला याचा त्रास नाही. मोबाइल, भांडी, कपडे विकणाऱ्याने मात्र या व्यवहारांचा दर लेखी मागून घ्यावा, कारण पाच हजारांच्या बिलातून खात्यात थोडे कमी पैसे आलेले दिसतात आणि कारण लक्षात येत नाही.

कार्ड मशीनचंही असंच आहे. रुपे सोडून इतर डेबिट कार्डांवर रिझर्व्ह बँकेने कमाल दर घालून दिलेला आहे. वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर मशीनवर ०.४० टक्के, त्याहून मोठी असेल तर ०.९० टक्के. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही, तो दर बोलून ठरतो. "पॉस मशीन फ्री" असं कोणी सांगितलं की मशीनचं भाडं फ्री आहे की ठरावीक उलाढाल झाली तरच फ्री आहे, हे पाहायचं. पैसे आल्याची घोषणा करणाऱ्या साउंडबॉक्सचं भाडं महिन्याला साधारण शंभर-सव्वाशेच्या घरात असतं. वर्षाचे बाराशे-पंधराशे. काही बँका चालू खात्याबरोबर तो मोफत देतात, आणि मोठ्या शिल्लकेच्या खात्याचा हिशेब करताना ही बचत धरायला हरकत नाही.

क्यूआर आणि खातं यांचं नातं किती महत्त्वाचं आहे ते २०२४ च्या सुरुवातीला देशभरातल्या दुकानदारांना कळलं. ३१ जानेवारी २०२४ ला रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले, आणि १५ मार्चनंतर त्या बँकेतल्या खात्यांत नवे पैसे जमा होणं बंद झालं. ज्यांचा पेटीएमचा क्यूआर दुसऱ्या बँकेतल्या खात्याला जोडलेला होता त्यांचं काम सुरू राहिलं. ज्यांचे पैसे त्याच पेमेंट्स बँकेत जमा होत होते, त्यांना धावपळ करून दुसरं खातं जोडावं लागलं. क्यूआरवर नाव कोणाचंही असो, पैसे शेवटी कोणत्या बँकेतल्या कोणत्या खात्यात पडतात हे दुकानदाराला माहीत असायला हवं. पेमेंट्स बँकेत दिवसअखेरीला दोन लाखांहून जास्त ठेवता येत नाहीत आणि ती कर्जही देऊ शकत नाही, तेव्हा धंद्याचं मुख्य खातं तिथे ठेवणं मला योग्य वाटत नाही.

नेटबँकिंगमध्ये लहान धंद्याला दोनच गोष्टी खऱ्या लागतात. पहिली, पैसे बाहेर पाठवण्याचा खर्च. ऑनलाइन एनईएफटीचे पैसे घ्यायचे नाहीत हा रिझर्व्ह बँकेचा आदेश बचत खातेदारांसाठी आहे. चालू खात्याला बँक पैसे लावू शकते. कित्येक बँका लावत नाहीत, पण दरपत्रकात पाहून घ्यावं. काउंटरवर फॉर्म भरून पाठवलं तर बहुतेक ठिकाणी लागतातच. दुसरी गोष्ट, कामाची वाटणी. दुकानातल्या मुलाला खातं पाहता यावं, पेमेंट भरून ठेवता यावं, पण मालकाच्या मंजुरीशिवाय पैसे जाऊ नयेत, अशी दोन जणांची व्यवस्था बँक देते का? ती नसली की मालकाचा पासवर्ड आणि ओटीपी दुकानभर फिरतो. जीएसटी भरणारा असाल तर जीएसटी पोर्टलवरच्या बँकांच्या यादीत आपली बँक आहे याचीही खात्री करायची, नाहीतर दर महिन्याला चलन भरायला दुसऱ्या वाटा शोधाव्या लागतात.

एक अडचण अलीकडे वारंवार येते, आणि खातं निवडताना तिचा विचार कोणी करत नाही. कोणीतरी फसवणुकीने मिळवलेल्या पैशातून तुमच्या दुकानात हजार-पाचशेची खरेदी करतो. ज्याचे पैसे गेले तो १९३० वर तक्रार करतो. पैशाचा माग काढत पोलीस तुमच्या खात्यापर्यंत येतात आणि बँक तेवढी रक्कम, कधी संपूर्ण खातंच, अडवून ठेवते. दुकानदाराचा दोष काही नसतो, पण दिलेले चेक परत जायला लागतात. अशा वेळी बिल, विक्रीची नोंद आणि व्यवहाराचा क्रमांक घेऊन लवकरात लवकर बँकेत आणि संबंधित पोलीस ठाण्यात जावं लागतं. ज्या शाखेत तुम्हाला ओळखणारा, फोन उचलणारा अधिकारी आहे तिथे हे काम दिवसांत होतं. नुसत्या हेल्पलाइनवर आठवडे जाऊ शकतात. म्हणून वर्षाला हजार-पाचशे रुपये जास्त गेले तरी चालत जाता येईल अशी शाखा मी निवडीन. आणि दुसऱ्या बँकेत कमी शिल्लकेचं एक जास्तीचं चालू खातं असलं तर पगार आणि भाडं तरी अडत नाही.

हे शेजारपण महाराष्ट्रात नागरी सहकारी बँकांकडे भरपूर आहे. त्यांच्या अटी सोप्या असतात, रोख भरायला खळखळ नसते, कॅश क्रेडिट हवं तर संचालकांपर्यंत पोचता येतं. तिथे खातं काढताना ठेव विम्याची मर्यादा लक्षात ठेवावी. एका बँकेत एका खातेदाराचे ५ लाखांपर्यंतचे पैसे विम्याने सुरक्षित असतात. चालू खातंही त्यात येतं. पण एकट्या मालकीच्या दुकानाचं चालू खातं आणि मालकाचं स्वतःचं बचत खातं किंवा ठेव त्याच बँकेत असेल तर ते एकाच माणसाचे पैसे धरून एकत्र मोजतात. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला एक हजार रुपयेच काढता येत होते. घरच्या ठेवी असलेल्यांचे हाल झालेच, पण ज्यांचं चालू खातं तिथे होतं त्यांचा धंदाच थांबला. मोठी विक्री असेल तर घरच्या ठेवी एका बँकेत आणि धंद्याचं खातं दुसरीकडे, एवढी काळजी पुरेशी आहे.

खातं उघडायला कागद फारसे लागत नाहीत. मालकाचं पॅन आणि आधार, आणि धंद्याच्या नावाचे दोन पुरावे: उद्यम नोंदणी, शॉप अॅक्ट, जीएसटी नोंदणी, यांतले कोणतेही दोन सहसा चालतात. फॉर्मवर सही करण्याआधी त्या विशिष्ट खात्याचं दरपत्रक तारखेसह मागून घ्यायचं. एकाच बँकेत चालू खात्याचे पाच-सहा प्रकार असतात, आणि काउंटरवरचा माणूस ज्याची जाहिरात चालू आहे तेच पुढे करतो. आपला महिन्याचा कागद त्याच्यासमोर ठेवून "यावर मला वर्षाला किती लागतील?" असं विचारलं की बोलणं मुद्द्यावर येतं. रोख भरण्याची मर्यादा, साउंडबॉक्सचं भाडं, क्रेडिट कार्डाचा दर यांत शाखा व्यवस्थापक पुष्कळदा सवलत देऊ शकतो. ती तोंडी न घेता ई-मेलवर घ्यावी, कारण व्यवस्थापकाची बदली होते. खातं चालू झालं की पहिल्या तिमाहीचं स्टेटमेंट काढून चार्जेसच्या ओळींवर खूण करायची आणि दरपत्रकाशी ताडून पाहायचं. चूक दिसली तर लेखी तक्रार द्यायची. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर फुकट तक्रार करता येते.

जुनं खातं बदलून नवीन घेत असाल तर जुनं लगेच बंद करू नका. बाहेर दिलेले पुढच्या तारखांचे चेक वठायचे असतात, कर्जाचा हप्ता आणि विजेचं बिल त्या खात्यातून जात असतं, ठरलेल्या गिऱ्हाइकांनी तोच खाते क्रमांक जपून ठेवलेला असतो. आधी क्यूआर नव्या खात्याला जोडायचा, मग हप्ते वळवायचे, जीएसटी नोंदणीत नवीन खातं घालायचं, आणि शेवटचा चेक वठल्यावर उरलेली चेकबुकं परत देऊन बंद करण्याचा अर्ज द्यायचा. पहिल्या वर्षाच्या आत खातं बंद केलं तर बऱ्याच बँका पैसे घेतात, तेव्हा तारीख पाहून अर्ज करावा. आणि अर्जाची पोच घ्यावी, कारण नुसतं रिकामं करून सोडलेल्या खात्यावर किमान शिल्लकेचा दंड चढत राहतो.